फोटोतल्या चप्प केसांना उठाव, एकही केस न रेखाटता

लग्नाच्या अल्बममध्ये कपाळावर काळ्या ब्रशने ओढलेले केस पाहिले की हात शिवशिवतात. केस विरळ दिसतात म्हणजे ते कमी आहेत, हा समज त्यामागे असतो. साधा हिशोब करू. हनुवटीपासून टाळूपर्यंत अंदाजे 22 सेंटिमीटरचं डोकं फोटोत 1200 पिक्सेल उंच आहे. म्हणजे एक पिक्सेल जवळपास 0.18 मिलिमीटर. केसाची जाडी साधारण 0.07 मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या पिक्सेलपेक्षाही कमी! फोटोत आपल्याला केस दिसतच नाहीत, दिसतात त्या बटा. दोन पिक्सेलच्या ब्रशने काढलेला केस खऱ्या केसाच्या पाचपट जाड होतो. तो दोऱ्यासारखा दिसणारच.

मग उठाव येतो कुठून? बाह्यरेषेतून आणि छायाप्रकाशातून.

आधी बाह्यरेषा. फोटोशॉपच्या Liquify मधलं Forward Warp घ्या, कपाळ Freeze Mask ने झाकून ठेवा आणि टाळूवरची कड बाहेर ढकला. समजा, 30 पिक्सेल उचलायचे आहेत. ब्रश 600 पिक्सेलचा ठेवलात तर हा ताण भांगापासून कडेपर्यंतच्या 300 पिक्सेलमध्ये वाटला जातो आणि बटा सरासरी दहा टक्केच रुंदावतात. डोळ्याला ते कळत नाही. छोट्या ब्रशने तेवढंच ढकललं तर ताण 60 पिक्सेलमध्ये कोंबला जातो. बटा दीडपट होतात, कडेला टेंगूळ येतं. मागे दाराची चौकट असेल तर तीही वाकते. चोरी बहुतेक वेळा तिथेच पकडली जाते.

आता माझा आवडता भाग. केसावर कौलांसारखे खवले असतात, टोकाच्या दिशेने जेमतेम तीन अंशांनी उचललेले. प्रकाशाचा काही भाग त्यांच्यावरूनच परावर्तित होतो. हा प्रकाश मुळाच्या दिशेने कलून परततो आणि त्याची चमक पांढरी असते. उरलेला प्रकाश केसात शिरतो, मागच्या भिंतीवरून परततो, वाटेत मेलॅनिनचा रंग घेतो आणि टोकाच्या दिशेने कलून बाहेर पडतो. काळ्या केसांत मेलॅनिन ही दुसरी चमक जवळजवळ गिळून टाकतं. म्हणून काळे केस सरसकट उजळले की राखाडी, धुळकट दिसतात.

तेव्हा 50 टक्के करड्या रंगाचा थर Soft Light मध्ये ठेवा आणि जिथे मुळात चमक आहे तेवढाच पट्टा मोठ्या, मऊ ब्रशने, अगदी कमी तीव्रतेने उजळा. सपाट केसांवर हा पट्टा पसरट असतो, गोलाईवर तो अरुंद होतो. म्हणून त्याच्या दोन्ही बाजू किंचित गडद करा. भांगालगतची मुळंही गडद करा, कारण उचललेल्या केसांखाली सावली पडते. तेला-शाम्पूच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंत निम्मी करामत दिव्याची जागा बदलूनही साधता येते, हे जाता जाता लक्षात ठेवा.

शेवटी फोटो आडवा उलटा करून लहान आकारात पाहा. डोकं एका बाजूला फुगलेलं वाटलं तर 30 ऐवजी 20 पिक्सेलवर या. आणि केस इतके विरळ असतील की टाळूची कातडीच दिसते, तर ही युक्ती चालत नाही. ताणल्यावर कातडीही तेवढीच पसरते.