टीटीएल आणि सीमॉस एकाच बोर्डावर: ५ व्होल्टचा गैरसमज

“दोन्ही ५ व्होल्टवरच चालतात आणि सीमॉसचे इनपुट करंट घेत नाही, मग टीटीएलच्या एलएस गेटला हवी तेवढी सीमॉसची एचसी गेट्स थेट जोडली तर काय बिघडते?”

बिघडते ते आधी पातळीवर. एलएसच्या ‘हाय’ची हमी फक्त २.७ व्होल्टची असते, तर ५ व्होल्टवरच्या एचसीला सुमारे ३.५ व्होल्ट लागतात. म्हणजे नॉइज मार्जिन उणे ०.८ व्होल्ट. तरीही बाकावर बोर्ड बहुधा चालतो, कारण एलएस प्रत्यक्षात ३.४ व्होल्टच्या आसपास देते आणि एचसीचा खरा उंबरठा अडीच व्होल्टजवळ असतो. या गैरसमजाचे आयुष्य त्यातच आहे. फोंड्यातल्या एका पंपाच्या बोर्डावर माझा एचसी काउंटर रिले ओढताच जादा मोजायचा. ऑसिलोस्कोपवर ‘हाय’ ३.४ व्होल्टवर अडकलेला आणि त्यावर रिलेचा खड्डा स्पष्ट दिसला.

आउटपुटपासून ५ व्होल्टला ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर लावला की पातळी सुधारते, पण मग फॅन-आउट, म्हणजे एका आउटपुटला किती इनपुट जोडता येतील ते, वेळेच्या हिशोबात मोजावे लागते. दहा इनपुट प्रत्येकी ५ पिकोफॅरड आणि ट्रॅकचे ३० धरले, तर एकूण ८० पिकोफॅरड होतात. २.७ वरून ३.५ व्होल्टपर्यंतचा शेवटचा चढ रेझिस्टरच करतो, आणि त्याला सुमारे १६० नॅनोसेकंद लागतात. एलएस गेटचा स्वतःचा विलंब मात्र दहाच्या आसपास असतो. मंद संकेताला हे चालेल, क्लॉकला नाही. तिथे टीटीएलच्या पातळ्या ओळखणारे सीमॉस, म्हणजे एचसीटी, वापरावे: त्याला ‘हाय’साठी २ व्होल्ट पुरतात आणि मार्जिन ०.७ व्होल्ट उरते.