आइसब्रेकर आणि एनर्जायझर: 'दोन खरं एक खोटं' नेमकं कधी खेळायचं

ट्रेनिंग म्हटलं की सकाळी दहाला एक खेळ आणि जेवणानंतर एक खेळ, हे आता रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत ठरूनच गेलंय, मग ते बचत गटाचं असो, होमस्टेवाल्यांचं असो नाहीतर नव्या शिक्षकांचं. दोन्हीला आपण सरसकट आइसब्रेकर म्हणतो आणि खरी गडबड तिथेच होते. आइसब्रेकर असतो अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलतं करायला, एनर्जायझर असतो बसून बसून आंबलेल्या अंगात जान आणायला. सकाळी दहाला पन्नाशीच्या काकांना 'डोंगराला आग लागली पळा पळा' खेळायला उभं केलं की ते ओशाळतात, आणि दुपारी अडीचला पोटात मासे-भात-सोलकढी असताना 'स्वतःबद्दल दोन खऱ्या गोष्टी सांगा' म्हटलं की कोणाला काही सुचत नाही. मग 'हे काय पोरखेळ' असं म्हणत खेळालाच नावं ठेवली जातात, खरं म्हणजे चुकलेली असते वेळ.

'दोन खरं एक खोटं' सगळ्यांना माहितीय, तीन वाक्यं सांगायची, त्यातलं एक खोटं, बाकीच्यांनी ते ओळखायचं. पण बरेच जण हा खेळ ओळखण्यासाठी आहे असं धरून चालतात, कोणी किती बरोबर ओळखलं त्याचे मार्क देतात, बक्षीस ठेवतात. अहो, माणसाला खोटं फार ओळखता येतच नाही. २००६ मध्ये बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी अशा खूप अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा माणसं सरासरी १०० पैकी ५४ वेळाच बरोबर निघाली, म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा थोडंच बरं. त्यामुळे ओळखणं हे फक्त निमित्त, खरा उपयोग उत्तर कळल्यानंतरच्या मिनिटभरात असतो, जेव्हा कोणीतरी म्हणतं 'आँ, हे खरंय? कसं काय?' आणि गप्पा सुरू होतात.

मालवणच्या बाजूला होमस्टे चालवणाऱ्यांचं एक ट्रेनिंग होतं, २४ माणसं, देवबाग, आचरा, देवगड अशा गावांतून आलेली, काही खानावळवाल्या बायका, काही स्कुबावाले पोरगे, दोघं-तिघं होडीवाले. सगळे आपापल्या गावाच्या घोळक्यात बसलेले, दुसऱ्या घोळक्याकडे बघतसुद्धा नव्हते. इथे आइसब्रेकर लागणार हे दारातूनच कळत होतं. आता २४ जणांना एका गोलात बसवून प्रत्येकाला तीन मिनिटं दिली तर ७२ मिनिटं जातात आणि दहाव्या माणसानंतर कोणी ऐकत नाही, म्हणून चार-चारचे सहा ग्रुप केले, प्रत्येक ग्रुपमध्ये वेगवेगळ्या गावचे लोक येतील असे. माणशी चार मिनिटं, म्हणजे १६ मिनिटांत सगळं आटपतं. त्याआधी दोन मिनिटं गप्प बसून विचार करायला दिली, कारण ज्याला पहिलं बोलायचं असतं त्याला ऐनवेळी काहीच आठवत नाही. कागद-पेन मुद्दाम वाटले नाहीत, लिहायची वेळ आली की काही जण मागे सरतात.

एका काकींची वाक्यं सांगतो. 'मला पोहता येत नाही. माझ्या परसात आंब्याचं एकही झाड नाही. मी मुंबईत चार वर्षं नोकरी केली.' ग्रुपमधला स्कुबावाला पोरगा पहिल्याच वाक्यावर म्हणाला, 'ह्या खोटा आसा!' कारण काकींचं घर समुद्राला लागून. पण खोटं होतं मुंबईचं. ही रचना बघा, खोटं वाक्य एकदम साधं, कोणालाही पटेल असं आणि खरी वाक्यं चमत्कारिक. नवशिके उलट करतात, 'मी अमेरिकेला जाऊन आलो' असलं काहीतरी खोटं ठेवतात, ते लगेच कळतं आणि त्यावर पुढे बोलायला काही उरतच नाही. काकींचं पोहण्याचं खरं निघाल्यावर पोराने विचारलं की मग पाहुण्यांची पोरं पाण्यात जातात तेव्हा लक्ष कोण ठेवतं, आणि त्यावर चौघं जे बोलायला लागले ते थेट त्या दिवसाच्या विषयावर, पाहुण्यांची सुरक्षा. हा धागा आपोआप जुळेलच असं नाही, म्हणून मी 'तुमच्या धंद्याबद्दल नाहीतर गावाबद्दल तीन वाक्यं' असं आधीच सांगतो, आणि पहिलं उदाहरण स्वतः देतो. उदाहरण जितकं वरवरचं तितकंच लोकही वरवरचं सांगतात, आणि फारच खासगी दिलं तर बिचकतात. लग्न, मुलंबाळं, आजारपण हे विषय नकोत असं मी स्पष्ट बोलतो, कोणाच्या घरात काय चाललंय आपल्याला माहीत नसतं.

आता दुपार. त्याच हॉलमध्ये जेवणानंतर पंखे फिरतायत, हवा दमट, डोळे जड झालेले. आता ओळख झालेली आहे, म्हणजे आइसब्रेकरचं काम संपलं, इथे अंग हलवायचंय. पण पळापळीचा खेळ नको, गुळगुळीत लादी, साड्या, दुखरे गुडघे आणि भरलं पोट. मी इथे जोड्यांचा आकडे मोजायचा खेळ घेतो. दोघं समोरासमोर उभे राहतात आणि आळीपाळीने एक, दोन, तीन मोजतात, तीन झालं की परत एकपासून. आकडे तीन आणि माणसं दोन, त्यामुळे प्रत्येक फेरीत तुमच्या वाट्याला वेगळा आकडा येतो आणि डोकं जागं ठेवावंच लागतं. मिनिटभराने 'एक' ऐवजी टाळी, मग 'दोन' ऐवजी पाय आपटायचा, शेवटी 'तीन' ऐवजी एक उडी, उडी झेपत नसेल तर हात वर. चार-पाच मिनिटांत हॉलभर हशा आणि झोप गेलेली. चुकलं की दोघांचंही चुकतं, त्यामुळे एकट्याला लाज वाटत नाही.

ह्या लाजेचं मात्र मला फार वाटतं. आपल्याकडे खेळात हरला की शिक्षा असते, गाणं म्हणा, नाचून दाखवा, कोंबड्याचा आवाज काढा. शाळेतल्या पोरांना त्यात मजा वाटते, पण घर चालवणाऱ्या बाईला परक्या माणसांसमोर नाचायला लावलं तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि का आली नाही ते सांगतही नाही. दुसरं म्हणजे मोठे साहेब भिंतीला टेकून मोबाईलवर शूटिंग करतायत आणि बाकीचे खेळतायत, हे चित्र. साहेबांनी एक तर ग्रुपमध्ये बसून आपली तीन वाक्यं सांगावीत नाहीतर बाहेर चहा प्यावा. वरचा माणूस नुसता बघत असला की खाली खेळणाऱ्याला आपण लहान पोर झाल्यासारखं वाटतंच, खेळ कितीही चांगला असू दे.

आणि काही ठिकाणी दोन्ही नको असतं. एकाच वाडीतल्या बचत गटाची महिन्याची मीटिंग असेल तर तिथे कोणाच्या परसात किती माड आहेत हेसुद्धा सगळ्यांना पाठ असतं, 'दोन खरं एक खोटं' सांगायला गेलात तर पहिल्या शब्दालाच ओळखतात. तिथे फारच वाटलं तर खोट्याच्या जागी एक इच्छा घ्या, दोन खरं आणि एक 'मला हे करायचंय', शेजारणीच्या मनात काय आहे हे मात्र वाडीत माहीत नसतं. तेही सात-आठ जणी असतील तर, नाहीतर हप्त्याच्या हिशोबाला वेळ उरत नाही. दुपारच्या मीटिंगमध्ये सगळ्या पेंगुळलेल्या दिसल्या तर आधी दहा मिनिटांचा चहा द्या. चहाने भागत असेल तर एनर्जायझर घ्यायची गरज नाही.