क्षितिजरेषेवरून जोडलेल्या व्यक्तीची उंची ठरवणे

लग्नाच्या किंवा वास्तुशांतीच्या ग्रुप फोटोत हजर नसलेल्या माणसाला दुसऱ्या फोटोतून कापून बसवणे, हे सोलापुरातल्या स्टुडिओंचे नेहमीचे काम आहे. बसवलेला माणूस खरा वाटण्यासाठी त्याचा आकार किती ठेवायचा, हे अंदाजाने न ठरवता मूळ फोटोतूनच मोजून काढण्याची ही पद्धत.

तिचा पाया एवढाच: सपाट जमिनीवर उभी असलेली प्रत्येक वस्तू, जवळ असो वा लांब, क्षितिजरेषेला कॅमेऱ्याच्या उंचीवर छेदते. कॅमेरा दीड मीटरवर धरला असेल, तर दीड मीटर उंचीच्या सगळ्या माणसांचे माथे त्या रेषेलाच टेकतात. म्हणून पायापासून रेषेपर्यंतचे अंतर म्हणजे कॅमेऱ्याची उंची, आणि त्याच मापाने माणसाची उंची मांडता येते.

अंगणात वा गल्लीत क्षितिज प्रत्यक्ष दिसत नाही, ते काढावे लागते. शहाबादी फरशीचे एकमेकांना समांतर सांधे, ओट्याची कड आणि दारावरची आडवी पट्टी अशा दूर जाणाऱ्या रेषा लांबवल्या की एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूतून जाणारी आडवी रेषा म्हणजे क्षितिज. फोटो तिरका घेतला असेल तर आधी सरळ करावा. दोनच रेषांवर विसंबू नये. तिसरी रेषा त्याच बिंदूतून जात नसेल, तर एक तरी रेषा चुकली आहे किंवा ती फरशी मुळातच समांतर नाही.

एक उदाहरण घेऊ. मागे घर, त्याला ३० सेंमी उंच ओटा, ओट्यावर २१० सेंमीचे दार आणि पुढे अंगणात माणसे. फोटोत दार ८४० पिक्सेल भरते, म्हणजे दाराच्या अंतरावर एका सेंटिमीटरला ४ पिक्सेल. उंबऱ्याच्या तळापासून क्षितिज ४८० पिक्सेल वर आहे, म्हणून कॅमेरा ओट्यापासून १२० सेंमी आणि अंगणापासून १५० सेंमी उंच होता. आता १६५ सेंमी उंचीच्या काकांना अंगणात उभे करायचे आहे. त्यांचे पाय जिथे टेकतील तिथून क्षितिज १२०० पिक्सेल वर असेल, तर त्यांची उंची १२०० × १६५ ÷ १५०, म्हणजे १३२० पिक्सेल. माथा रेषेच्या १२० पिक्सेल वर येतो. फेटा असेल तर त्याची उंची वेगळी मिळवायची.

सर्वात जास्त चुका ओट्यापाशी होतात. ओटा विसरून १२० सेंमीच धरले, तर काका १६५० पिक्सेलचे होतात. अंगणाच्या मापाने ते सव्वादोनशे नसले तरी २०६ सेंमीचे! पायऱ्या मोजाव्यात, एकीची उंची साधारण १५ ते १८ सेंमी असते. शिवाय जुन्या घरांची दारे ७ फुटांची असतीलच असे नाही, सहा फुटांचीही सापडतात. म्हणून दारापेक्षा फोटोतल्याच एखाद्या माणसाची माहीत असलेली उंची जास्त भरवशाची. मैदानातल्या फोटोत क्रिकेटचे स्टंप असले तर उत्तमच, कारण त्यांची उंची नियमानेच ७१ सेंमी असते.

दुसरी फसगत तलावाकाठी होते. सिद्धेश्वर मंदिराभोवतीच्या तलावाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत पलीकडच्या काठाची पाण्याची कड क्षितिजासारखी दिसते, पण ती त्याखाली असते. समजा कॅमेरा पाण्यापासून ४ मीटर उंच आहे आणि समोरचा काठ १०० मीटरवर. पाच मीटरवर उभ्या माणसाजवळ ही कड खऱ्या क्षितिजापेक्षा २० सेंमी खाली पडते. कॅमेऱ्याची उंची १५० सेंमी माहीत असेल आणि कडेलाच क्षितिज मानले, तर माणूस सुमारे १३ टक्के बुटका होतो. माणूस जितका मागे उभा कराल तितका तो आणखी आखूड होत जातो. जागा बदलली की उंची पटत नाही, हीच चुकीच्या रेषेची खूण.

कॅमेरा फार वर किंवा खाली झुकवलेला असेल, तर उभ्या रेषा वर किंवा खाली एकत्र येऊ लागतात आणि साधे प्रमाण अपुरे पडते. मोबाइलच्या रुंद लेन्सने काढलेल्या ग्रुप फोटोत कडेची माणसे ताणली जातात, म्हणून जोडायचा माणूस मधल्या भागात ठेवणे बरे.

आकार बरोबर येऊनही माणूस चिकटवलेला वाटत असेल, तर त्याचा मूळ फोटो तपासावा. तिथे क्षितिज त्याच्या पोटावरून जात असेल आणि इथे डोळ्यांवरून, तर तो खालून टिपलेला आहे. हनुवटीची खालची बाजू दिसते, बुटांचे वरचे पृष्ठ कमी दिसते. ही तफावत `Ctrl+T` ने लहानमोठे करून जात नाही. अशा वेळी दुसरा फोटो मागवणेच सोपे, किंवा त्याला दुसऱ्या रांगेत उभे करून पाय व धड पुढच्या माणसांनी झाकावे. पाय दिसत नसले तरी ते नेमके कुठे टेकतात हे ठरवूनच उंची काढावी लागते. त्यासाठी त्याच रांगेतल्या शेजाऱ्याच्या पायांची आडवी रेषा धरतात.