कॅनडासाठी ईसीए: आपली बी.कॉम., एम.कॉम. तिकडे नेमकी काय ठरते?

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी गुणांवर निवड करणाऱ्या व्यवस्थेत, फेडरल स्किल्ड वर्कर म्हणून अर्ज करायचा आणि शिक्षण भारतात झालंय, तर पदवीची समकक्षता तपासून घ्यावीच लागते. या अहवालाला ईसीए म्हणतात. तो कॅनडा सरकारने नेमलेल्या संस्थांकडूनच घ्यायचा असतो आणि आपल्याकडचे बहुतेक जण त्यांपैकी डब्ल्यूईएस या संस्थेकडे जातात. डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्यासाठी मात्र वेगळ्या संस्था आहेत. त्यांनी डब्ल्यूईएसकडे पैसे भरण्याआधी आपल्या व्यवसायाची संस्था कोणती ते पाहावं.

हा अहवाल म्हणजे गुणांचा खेळ आहे. एकट्या अर्जदाराला तीन किंवा जास्त वर्षांच्या पदवीचे 120 गुण मिळतात, दोन पात्रता असतील (त्यांपैकी एक तीन वर्षांची हवी) तर 128 आणि मास्टर्सचे 135. आपली तीन वर्षांची बी.कॉम. अहवालात सहसा 'तीन वर्षांची बॅचलर्स' अशीच येते आणि तिला 120 मिळतात. म्हणून लोक घाबरतात तसं 'तीन वर्षांची पदवी चालत नाही' हे या कामापुरतं तरी खरं नाही. 128 हवे असतील तर दोन्ही पात्रता तपासून घ्याव्या लागतात, नुसती वरची दाखवून चालत नाही.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण सांगते. बी.कॉम. 2012, एम.कॉम. 2015, दोन्ही पुण्यातून. म्हणजे विद्यापीठ एकच, पण एका प्रमाणपत्रावर पुणे विद्यापीठ आणि दुसऱ्यावर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कारण नाव 2014 मध्ये बदललं. ऑनलाइन फॉर्म भरताना तिने प्रत्येक पदवीवर छापलंय तेच नाव लिहिलं.

खातं उघडून पैसे भरले की डब्ल्यूईएस एक संदर्भ क्रमांक देतं. पुढचं सगळं त्या क्रमांकावर चालतं. पदवी प्रमाणपत्राची स्कॅन प्रत आपण अपलोड करायची. पदवी म्हणजे दीक्षान्त समारंभानंतरची अंतिम पदवी; प्रोव्हिजनल वर भरवसा ठेवू नये. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांची विद्यापीठाने दिलेली अधिकृत नोंद, मात्र आपल्या हाताने पाठवता येत नाही. ते विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून थेट जातं, ऑनलाइन सोय असेल तर ऑनलाइन, नाहीतर सीलबंद पाकिटातून, पाकिटाच्या जोडावर विद्यापीठाचा शिक्का आणि बाहेर संदर्भ क्रमांक.

घोळ झाला तो इथेच. बहिणीच्या कॉलेजच्या ऑफिसमधल्या क्लार्कने सांगितलं, "आम्हीच करून देतो की, कशाला विद्यापीठात फेऱ्या मारताय?" मग कॉलेजनेच गुणपत्रिका साक्षांकित करून, कॉलेजचा शिक्का मारून पाकीट पाठवलं. काही आठवड्यांनी खात्यात उत्तर आलं: कागद पदवी देणाऱ्या विद्यापीठाकडून यायला हवेत. कॉलेज संलग्न आहे, पदवी विद्यापीठ देतं. शिक्का त्याचाच लागतो. स्वायत्त कॉलेजचंही आधी विचारून घ्यावं, कारण गुणपत्रिका कॉलेजची आणि पदवी विद्यापीठाची असा प्रकार असतो.

दुसरा घोळ नावाचा, आणि तो आपल्याकडे घरोघरी सापडतो. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. क्रम बदलल्याने सहसा अडत नाही, पण आडनावच वेगळं असेल तर जुन्या आणि नव्या नावाचा दुवा दाखवणारा कागद लागतो. बहिणीने विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडलं. राजपत्रातली नाव बदलाची सूचना असेल तर तीही चालते. फॉर्मवर नाव पासपोर्टप्रमाणे लिहायचं, पदवीप्रमाणे नाही.

दुसऱ्या वेळी ट्रान्स्क्रिप्ट थेट विद्यापीठातून गेलं. अहवालात एम.कॉम. मास्टर्सच्या बरोबरीची ठरली. एक्स्प्रेस एंट्रीच्या प्रोफाइलमध्ये अहवालाचा क्रमांक आणि तारीख टाकायची असते. तिने घाईत बी.कॉम.चीच पातळी निवडली होती. पाठवण्याआधी मी पाहिलं म्हणून 15 गुण वाचले.

तारीख जपून ठेवा. अहवाल प्रोफाइल भरताना आणि नंतर कायमच्या वास्तव्याचा अर्ज करतानाही पाच वर्षांच्या आतला असावा लागतो. इंग्रजीची परीक्षा पुन्हा पुन्हा देण्यात वर्षं जातात आणि अहवाल जुना होतो, तो असा. शिवाय ईसीए म्हणजे तिकडे काम करायचा परवाना नव्हे. नर्सला प्रांताच्या नियामक संस्थेकडे नोंदणी वेगळी करावी लागते, मग अहवालात पदवी कितीही चांगली ठरलेली असो.