डबल प्रमोशनची भीती कुठून आली?

हुशार मुलाला एक यत्ता वर बसवायचं म्हटलं की 'मोठ्या मुलांत बुजून जाईल' हे ठरलेलं उत्तर येतं. अमेरिकेत या भीतीला एक चेहरा होता, विल्यम सायडिस. 1909 मध्ये अकराव्या वर्षी तो हार्वर्डमध्ये गेला आणि काही महिन्यांतच त्याने तिथल्या गणित मंडळापुढे चार मितींच्या आकृत्यांवर व्याख्यान दिलं. पुढे वर्तमानपत्रांचा ससेमिरा चुकवत, कारकुनी करत तो जगला आणि 1944 मध्ये गेला. शाळांना एवढी एक गोष्ट पुरली. पण 1909 मध्येच हार्वर्डमध्ये नॉर्बर्ट वीनरही होता. चौदाव्या वर्षी पदवी, अठराव्या वर्षी डॉक्टरेट, आणि पुढे सायबरनेटिक्स या नियंत्रण आणि संदेशवहनाच्या शास्त्राचा जनक. त्याचं उदाहरण मात्र कुणी फारसं देत नसे.

हा समज हलला तो बाल्टिमोरच्या जोसेफ बेट्समुळे. बारा-तेरा वर्षांचा हा मुलगा संगणकाच्या वर्गात आपल्याहून कितीतरी मोठ्यांना शिकवतो, असं तिथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांच्या कानावर आलं. त्यांनी 1969 मध्ये त्याला कॉलेजप्रवेशाची सॅट परीक्षा द्यायला लावली. मोठ्यांचीच परीक्षा का, तर आपल्या यत्तेच्या पेपरात अशी सगळीच मुलं पैकीच्या पैकी मिळवतात आणि कोण किती पुढे आहे ते कळतच नाही. गुण उत्तम आले, तरी वरच्या यत्तेत घ्यायला शाळा तयार होईनात. शेवटी तेराव्या वर्षी तो थेट हॉपकिन्समध्येच दाखल झाला आणि तिथे व्यवस्थित रमला. 1971 मध्ये स्टॅन्लींनी अशा मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला.

अर्थात एक बेट्स म्हणजे नियम नव्हे, जसा एक सायडिस नव्हता. म्हणून पुढे आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी निर्णयासाठी एक मोजपट्टी बनवली. तिच्यात बुद्धी आणि अभ्यासासोबत मित्र, शिक्षकांशी नातं, शरीराची वाढ हेही पाहतात. मला त्यातल्या सक्त मनाया जास्त शहाण्या वाटतात. मुलाचीच इच्छा नसेल तर वर चढवायचं नाही. ज्या वर्गात जायचं तिथे थोरलं भावंड असेल, तरीही नाही. गणित कितीही पक्कं असलं तरी घरातली ती रोजची तुलना दोघांनाही सोसत नाही.

पुण्यात आप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये हुशार मुलांसाठी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तेव्हा वेगळी वाट धरली. मुलं आपापल्या शाळेतच राहत आणि शाळेबाहेरच्या वेळात प्रबोधिनीत येऊन जास्तीचं शिकत. वयाची सोबत तुटत नसे, पण दिवसभराच्या वर्गातला कंटाळा तसाच राही. 1969 मध्ये प्रबोधिनीने स्वतःची प्रशाला काढली. तिथे वयही जुळतं आणि वेगही. मात्र अशी शाळा भरायला आसपास तेवढी मुलं लागतात. तालुक्याच्या गावी वर्गात असं एकच पोर असेल, तर तिथे प्रश्न पुन्हा डबल प्रमोशनचाच उरतो.