अंतर्गत समितीची चौकशी : गुप्तता कोणापासून?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या चौकशीत अशा तक्रारींसाठी मालकाने नेमलेल्या अंतर्गत समितीकडून होणारी सर्वांत महाग चूक बहुतेक वेळा चांगल्या हेतूने होते. तक्रारदार स्त्रीला जपायचे म्हणून समिती साक्षीदारांचे जबाब दुसऱ्या बाजूला दाखवत नाही, प्रश्न विचारू देत नाही, घाईघाईने अहवाल देऊन मोकळी होते. आणि काही वर्षांनी न्यायालय तो अहवाल रद्द करते, तेव्हा सर्वाधिक नुकसान त्या स्त्रीचेच होते. गुप्तता आणि न्याय्य चौकशी यांची ही ओढाताण २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्याच्या बरीच आधीपासून चालत आलेली आहे.

१९७३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजचे प्रकरण आले. काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरले आणि त्यांनी अश्लील वर्तन केले, अशी मुलींची तक्रार होती. प्राचार्यांनी नेमलेल्या समितीने मुलींचे जबाब त्या विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत घेतले आणि इतर छायाचित्रांत मिसळलेल्या छायाचित्रांवरून ओळख पटवली. विद्यार्थ्यांना आरोप सांगितले गेले, त्यांचे म्हणणे ऐकले गेले, पण मुलींची नावे किंवा जबाब त्यांना दिले गेले नाहीत. न्यायालयाने ही पद्धत मान्य केली. नैसर्गिक न्याय हा काही ठोकळ्यासारखा एकच साचा नाही, परिस्थितीप्रमाणे त्याचे स्वरूप बदलते, आणि मुलींना समोरासमोर उभे केले असते तर त्यांना पुढे त्रास झाला असता, असे त्यामागचे कारण होते. आजही अनेक समित्या नकळत याच नमुन्यावर चालतात. मात्र त्यानंतर कायद्याची जमीन पुष्कळ सरकली आहे.

राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका ‘साथिनी’वर, म्हणजे सरकारी महिला विकास कार्यक्रमातील गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर, १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला. त्या पार्श्वभूमीवर महिला संघटनांनी केलेल्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल लागला. प्रत्येक कार्यालयात तक्रार समिती असावी, तिच्या प्रमुखपदी स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती असावी आणि गोपनीयता पाळली जावी, असे त्या निकालाने सांगितले. समितीने पुरावा नेमका कसा घ्यायचा, याचा तपशील मात्र त्यात नव्हता.

यानंतरची अडचण व्यवहारात दिसली. समिती चौकशी करून अहवाल देई आणि मग खाते आपल्या शिस्तभंगाच्या नियमांनुसार पुन्हा पहिल्यापासून चौकशी सुरू करी. त्या स्त्रीला तोच प्रसंग दोनदा सांगावा लागे. पुण्याच्या स्त्री-चळवळीतील कार्यकर्त्या मेधा कोतवाल लेले यांच्या पत्रावरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आदेश दिला, की तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानला जावा. दुहेरी जाचातून सुटका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण या एका आदेशाने समितीवरचे ओझे पालटले, याकडे मला वाटते फार कमी लोकांचे लक्ष गेले. आता या अहवालावर माणसाची नोकरी जाऊ शकत होती. म्हणून आरोपपत्र, कागदपत्रे, उलटतपासणी, बचावाला वेळ अशी जी हमी पूर्वी दुसऱ्या चौकशीत मिळे, ती आता समितीलाच द्यावी लागणार होती.

गोवा विद्यापीठातील प्रकरणात हेच उघड झाले. २००९ साली विद्यार्थिनींनी एका प्राध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने ३९ दिवसांत १८ बैठका घेतल्या, त्याने प्रकृतीच्या कारणावरून मागितलेली मुदत अपुरी दिली किंवा नाकारली, आणि शेवटी एकतर्फी चौकशी पूर्ण करून त्याच्याविरुद्ध अहवाल दिला. पुढे तो बडतर्फ झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली, पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. आरोप खरे की खोटे यावर न्यायालय बोलले नाही. समितीची अनावश्यक घाई बचावाच्या हक्कावर उठली, एवढेच त्याने ठरवले, आणि चौकशी ५ मे २००९ रोजी ज्या टप्प्यावर होती तिथून पुन्हा सुरू करायला सांगितले. चौदा वर्षांनंतर पुन्हा जबाब आणि पुन्हा साक्षी. तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनींच्या बाजूने पाहिले तर यापेक्षा वाईट शेवट कल्पिणे कठीण आहे.

दरम्यान २०१३चा कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला आणि त्याच्या नियमांनी अशा घाईवर काही बांध घातले. तक्रार मिळाल्यापासून सात कामकाजी दिवसांत तिची प्रत समोरच्या व्यक्तीला द्यायची आणि त्या व्यक्तीने दहा कामकाजी दिवसांत कागदपत्रे व साक्षीदारांच्या नावांसह उत्तर द्यायचे. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर हवेत. सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन सुनावण्या चुकवल्या तरच चौकशी एकतर्फी पुढे नेता येते, आणि तीही पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊनच. चौकशीची मर्यादा ९० दिवसांची आहे. ती चौकशी संपवायची मुदत आहे, शर्यत नव्हे. वकील दोन्ही बाजूंना मिळत नाही, म्हणून आपले हक्क काय हे समितीनेच पहिल्या बैठकीत दोघांना समजावून सांगावे आणि तसे इतिवृत्तात नोंदवावे.

राहतो तो सर्वांत नाजूक प्रश्न, समोरासमोरच्या उलटतपासणीचा. रांचीच्या निकालाने ती टाळता येते असे सांगितले, तर गोव्याच्या निकालाने बचावाची खरी संधी नाकारता येत नाही असे. यातली व्यवहारातली वाट अशी, की प्रतिवादीला तक्रारदार आणि साक्षीदार यांच्या जबाबांच्या प्रती द्याव्यात, त्याने प्रश्न लिहून द्यावेत आणि अध्यक्षांनी ते विचारून उत्तरे शब्दशः नोंदवावीत. चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा किंवा विषयाशी संबंध नसलेला प्रश्न वगळावा, पण का वगळला ते एका ओळीत लिहावे. या ओळी नसतील, तर पुढे प्रश्न दडपल्याचा आरोप होतो आणि समितीकडे उत्तर नसते. समितीने स्वतः प्रश्न विचारणेही गैर नाही. २०२३च्याच नोव्हेंबरमध्ये सशस्त्र सीमा बलातील एका प्रकरणात, समितीने साक्षीदारांना प्रश्न विचारले म्हणून चौकशी दूषित ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. निष्कर्ष कळवल्यावर दोघांनाही त्यावर म्हणणे मांडू देणे कायद्यातच आहे, आणि ही पायरी हमखास गाळली जाते.

मग गुप्तता कशाची? कायद्याचे कलम १६ त्याचे उत्तर देते. तक्रारीचा मजकूर, तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख, चौकशीचे कामकाज आणि शिफारशी हे सर्व जनतेला, वृत्तपत्रांना किंवा इतर माध्यमांना कळवण्यास मनाई आहे. दोन पक्षांना एकमेकांचा पुरावा दाखवू नये, असे ते कलम म्हणत नाही. ते कुंपण बाहेरच्या जगापासून आहे, चौकशीच्या खोलीतल्या माणसांमध्ये नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये अशा खटल्यांत पक्षकारांची नावे आदेशातही येऊ नयेत अशी पद्धत घालून दिली, तीही याच दिशेची. न्याय मिळाल्याची माहिती ओळख न देता सांगण्यास कलम १६ मोकळीक देते. पण चाळीस माणसांच्या कचेरीत ‘हिशेब विभागातील नवी मुलगी’ एवढे म्हटले तरी नाव सांगितल्यासारखेच होते, आणि ही गळती बहुधा समितीतून नव्हे, तर साक्षीदारांना बोलावण्याची चिठ्ठी सर्वांसमोर देणाऱ्या कारकुनाच्या टेबलावरून सुरू होते.