द्राक्षातला शिरांमधला पिवळेपणा आणि मॅग्नेशियमची तपासणी

द्राक्षवेलीच्या काडीवरची खालची म्हणजे जुनी पानं शिरांच्या मधल्या जागेत पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्याच राहतात, त्या लक्षणाची ही नोंद आहे. मॅग्नेशियम कमी पडलं की हे दिसतं, पण दिसलं म्हणजे मॅग्नेशियमच कमी आहे असं नाही, आणि बागेतला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. महाराष्ट्रात नाशिक, सांगली, सोलापूर भागात फळछाटणीनंतर मणी फुगायला लागले की हा प्रकार जास्त नजरेस येतो.

सुरुवात काडीच्या बुडाकडच्या पानांपासून होते. पानाच्या कडेपासून थोडं आत पिवळेपणा येतो आणि मुख्य शिरांच्या मधून पाचरीसारखा देठाकडे सरकत जातो, शिरेच्या दोन्ही बाजूला हिरवा पट्टा राहतो. काळ्या जातींत हाच भाग पिवळा न होता लालसर होतो. फार झालं की मधला भाग तपकिरी होऊन वाळतो. शेंड्याकडची पानं बराच काळ हिरवीगार असतात आणि ओळखायची पहिली खूण हीच, कारण मॅग्नेशियम झाडात फिरतं, टंचाई आली की वेल जुन्या पानातलं काढून नव्या पानाला देते. लोह असं फिरत नाही, म्हणून लोहाची कमतरता शेंड्याकडे दिसते. चुनखडीच्या काळ्या जमिनीत तीच जास्त आढळते आणि तिलाच मॅग्नेशियम समजून फवारण्या चालू असतात. पालाशची कमतरता पण जुन्या पानावर येते, पण ती अगदी कडेपासून सुरू होऊन कड करपत जाते, शिरांमधली पाचर तिच्यात नीट दिसत नाही.

पिवळेपणा नेमका का येतो यावर अभ्यासकांचं एकमत नाही. जुनी आणि अजूनही बहुतेक पुस्तकांत असलेली मांडणी सरळ आहे: हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो, तो मिळाला नाही की हरितद्रव्य बनत नाही, पान पिवळं. मॅग्नेशियम झाडाला लागतंच हे 1860 च्या आसपास जर्मनीत साक्स आणि नॉप यांच्या पाण्यात झाडं वाढवण्याच्या प्रयोगांतून पुढे आलं असं साधारण मानतात, आणि हरितद्रव्यातल्या मॅग्नेशियमची जागा रिचर्ड विलश्टेटर यांच्या कामातून स्पष्ट झाली, त्यांना वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या संशोधनासाठी 1915 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अडचण अशी की चांगल्या पोसलेल्या पानात एकूण मॅग्नेशियमपैकी साधारण पाचवा भागच हरितद्रव्यात असतो, बाकीचं प्रथिनं बनवणं, ऊर्जेची देवाणघेवाण, साखर वाहून नेणं अशा कामात गुंतलेलं असतं. मग टंचाईत आधी हिरवेपणाच का जावा?

दुसरी मांडणी 1980 च्या दशकाच्या शेवटाकडे जोर धरू लागली आणि तिच्याशी इस्माइल चाकमाक आणि होर्स्ट मार्शनर या वनस्पतीपोषणाच्या अभ्यासकांची नावं जोडलेली आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मॅग्नेशियम कमी पडलं की पानात तयार झालेली साखर पानातून बाहेर नेणाऱ्या नळ्यांमध्ये भरली जात नाही कारण त्या कामाला लागणारी ऊर्जा मॅग्नेशियमशिवाय वापरता येत नाही, त्यामुळे साखर आणि स्टार्च पानातच साचतात, कर्ब पकडायचं काम मंदावतं, पण ऊन तर पडतच असतं, मग ती न वापरलेली प्रकाशऊर्जा ऑक्सिजनची घातक रूपं तयार करते आणि ती हरितद्रव्य मोडतात. म्हणजे पिवळेपणा हा टंचाईचा पहिला परिणाम नाही, बराच उशिराचा आहे. याला आधार देणारा घेवड्यावरचा प्रयोग फार बोलका आहे: मॅग्नेशियम कमी असलेल्या झाडाच्या पानाचा काही भाग झाकून ठेवला तर झाकलेला भाग हिरवा राहिला आणि उघडा भाग पिवळा पडला, एकाच पानावर. पुढे शुगर बीटवरच्या कामातही हरितद्रव्य कमी व्हायच्या आधी पानात साखर साचलेली आढळली. प्रस्तुत नोंदीचा कल या दुसऱ्या मांडणीकडे आहे, कारण बागेतही पश्चिमेच्या उन्हात उघडी पडलेली पानं आतल्या सावलीतल्या पानांपेक्षा आधी पिवळी होतात, आणि हे नुसत्या हरितद्रव्याच्या हिशेबाने समजत नाही. शिरेलगतचा पट्टा शेवटपर्यंत हिरवा का राहतो याचं पक्कं उत्तर मात्र दोन्हीकडे नाही.

याचा व्यवहारात अर्थ इतकाच, की पान पिवळं दिसेपर्यंत वेलीच्या साखर वाहून न्यायच्या कामाला आधीच अडथळा आलेला असतो, आणि मण्यांना साखर हवी असते तीही याच काळात.

टंचाई कुठून येते. दख्खनची काळी जमीन बेसॉल्टपासून बनलेली, तिच्यात मॅग्नेशियम सहसा भरपूर असतं. त्यामुळे अशा जमिनीत लक्षण दिसलं तर जमिनीत नाही म्हणून नव्हे, मुळांना घेता येत नाही म्हणून दिसतं. हलक्या मुरमाड जमिनीत मात्र मुळात साठाच कमी असू शकतो. घेता न येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण पालाश. मणी फुगवणीला आणि पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ होऊन साखर भरायच्या सुमाराला ठिबकमधून झिरो झिरो पन्नास आणि झिरो बावन्न चौतीस ही खतं सोडत राहतात, दोन्हीत पालाश आहे, आणि मुळाजवळ पालाश जास्त झालं की ते मॅग्नेशियमला आत येऊ देत नाही. पाणी साचलेली मुळी किंवा सूत्रकृमींनी गाठाळलेली मुळीही हेच करते. तिथे बॅगभर एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट टाकूनही पानावर फरक पडत नाही, मग औषध बनावट होतं असं म्हणून दुसरी कंपनी शोधली जाते.

तपासणी. देठ परीक्षणात पानाचं पातं टाकून फक्त देठ घेतात. आपल्याकडे खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 50 दिवसांनी पाचव्या पानाचा देठ आणि फळछाटणीनंतर पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ घ्यायची पद्धत आहे, 75 ते 100 देठ, तोडल्याबरोबर पात्यापासून वेगळे करून कागदी पिशवीत. पण पिवळेपणा दिसतो तो बहुतेक वेळा या दोन्ही वेळा टळून गेल्यावर, आणि मग पिवळं पान तोडून लॅबला पाठवतात आणि आलेला आकडा फुलोऱ्याच्या तक्त्याशी ताडून बघतात. हे चूक आहे. पान जुनं होत जातं तसे त्यातले आकडे बदलतात. अशा वेळी एकाच दिवशी, काडीवरच्या त्याच नंबरच्या पानांचे दोन वेगळे नमुने घ्यावेत, एक पिवळ्या वेलींचा आणि एक त्याच प्लॉटमधल्या हिरव्या वेलींचा, आणि तुलना दोघांत करावी. फुलोऱ्याच्या वेळच्या आकड्यांसाठी कॅलिफोर्नियात थॉमसन सीडलेसवर बसवलेला अंदाज असा: मॅग्नेशियम 0.3 टक्क्यांच्या वर ठीक, 0.2 च्या खाली कमी, पालाश 1.5 च्या वर ठीक आणि 1 च्या खाली कमी. भारतीय लॅबच्या पट्ट्या वेगळ्या असू शकतात, ज्या लॅबचा रिपोर्ट तिचीच पट्टी धरावी.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. मुरमाड प्लॉट, पिवळ्या वेलींच्या देठात मॅग्नेशियम 0.24 आणि पालाश 2.9 टक्के, हिरव्या वेलींत 0.41 आणि 2.1. मातीच्या रिपोर्टात पालाश हेक्टरी 800 किलो आणि मॅग्नेशियम 182 पीपीएम. आधी एकक सारखं करायचं: 800 ला 2.24 ने भागलं की 357 पीपीएम पालाश. आता दोघांची मुळाजवळची स्पर्धा वजनावर नाही तर विद्युतभारावर चालते, म्हणून पालाशला 391 ने आणि मॅग्नेशियमला साधारण 121 ने भागायचं, म्हणजे 100 ग्रॅम मातीतले मिलीइक्विव्हॅलंट मिळतात: पालाश 0.91, मॅग्नेशियम 1.5. मॅग्नेशियम पालाशच्या दीडपट-पावणेदोनपट. हे दुपटीच्या खाली गेलं की धोका, असा ढोबळ अंदाज आहे. इथे देठ आणि माती दोन्ही एकच बोलतायत, मॅग्नेशियम कमी आहे आणि पालाशने ते अजून दाबलंय, तेव्हा पहिलं काम पालाश थांबवणं.

तिसरा कागद पाण्याचा, आणि तो बहुतेक जण बघतच नाहीत. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लिटरला 40 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असेल तर 1 लाख लिटर पाण्यातून 4 किलो मॅग्नेशियम बागेत जातं, आणि एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम साधारण 10 टक्के, म्हणजे जवळपास 40 किलो एप्सम फुकटात पडलं. अशा प्लॉटला वरून अजून देण्यात काही अर्थ नाही, तिथे मुळी आणि पालाश तपासावं. वरच्या उदाहरणात पाणी कॅनॉलचं आणि लिटरला 10 मिलिग्रॅमचं असेल तर तेवढ्याच पाण्यातून 1 किलोच येईल, म्हणजे तिथे कमतरता खरी धरायला हरकत नाही.

रिपोर्टची वाट बघताना करता येण्यासारखी सोपी चाचणी म्हणजे पाच-सहा वेलींवरच लिटरला 5 ते 10 ग्रॅम एप्समची फवारणी, संध्याकाळी, शेजारच्या वेली मुद्दाम कोऱ्या ठेवून. पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतील ही अपेक्षा ठेवू नये. बघायचं ते हे, की दोन-तीन आठवड्यांत पिवळेपणा काडीवर वरच्या पानांकडे चढायचा थांबला का, आणि कोऱ्या वेलींवर तो चढतोय का. दोन्हीकडे सारखाच चढला तर मॅग्नेशियम सोडून दुसरीकडे बघावं. पाणी उतरल्यानंतर ही चाचणी पानांपुरती ठेवावी, मण्यावर डाग राहतात. ठिबकमधून द्यायचं ठरलं तर कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत एप्सम मिसळू नये, जिप्सम होऊन तळाला बसतं आणि ड्रिपर बुजतात.

देठात पालाशच कमी निघालं आणि मॅग्नेशियम पुरेसं असेल तर एप्समने उलट नुकसान होतं, पालाश अजून मागे पडतं.

कापसातल्या लाल्याला, म्हणजे पानं लाल पडण्याला, विदर्भ-मराठवाड्यात मॅग्नेशियमची कमतरता म्हणायची सवय आहे. तिथे मात्र रात्रीचा गारठा, नत्र कमी पडणं, बोंडांचा भार आणि तुडतुडे ही कारणं एकत्र गुंतलेली असतात. तुडतुड्यांनी लाल झालेलं पान कडेने खाली वळलेलं असतं आणि पानामागे ते तिरके चालताना दिसतात. कोकणातल्या जांभ्या जमिनीत नारळाच्या जुन्या झावळ्या पिवळ्या पडतात, तिथे पाऊस मॅग्नेशियम धुऊन नेतो आणि साठाच कमी असतो, त्यामुळे काळ्या जमिनीत मॅग्नेशियम भरपूर असतं हा वरचा हिशेब तिकडे लागू होत नाही.